कोटेशनमध्ये जीएसटी चुकला : सुधारित रक्कम कळवणारा ईमेल कसा लिहावा

कोटेशन पाठवून दोन दिवस झाले आहेत, ग्राहकाने ते पाहिले आहे, आणि अचानक लक्षात येते की कराचा हिशेब चुकला आहे. अशा वेळी बहुतेक फ्रीलान्सर दोनपैकी एक गोष्ट करतात. काही जण घाईघाईने ‘सॉरी, नवीन कोटेशन जोडले आहे’ एवढी एक ओळ लिहून दुसरी फाइल पाठवतात, तर काही जण गप्प बसतात आणि बिलाच्या वेळी पाहू म्हणतात. पहिल्या प्रकारात ग्राहकाला नेमके काय बदलले ते कळत नाही. दुसऱ्या प्रकारात कोटेशन आणि बिल यांचा मेळ बसत नाही आणि पैसे अडकतात. चूक कळवणारा ईमेल एकदाच जावा, पूर्ण जावा आणि त्यानंतर आकडा पुन्हा हलू नये, यासाठी कोणती कामे कोणत्या क्रमाने करायची ते पुढे दिले आहे.

सोयीसाठी एकच उदाहरण शेवटपर्यंत घेऊ. म्हापशातील एक फ्रीलान्स डिझायनर जीएसटीखाली नोंदणीकृत आहे. मडगावातील एका रेस्टॉरंटने हंगामाआधी नवे मेनू कार्ड, लोगोसह दर्शनी फलकाचे डिझाइन आणि पदार्थांची छायाचित्रे मागवली. कोटेशनमध्ये मेनू कार्डाचे ३०,००० रुपये, लोगो आणि फलकाचे २०,००० आणि छायाचित्रांचे १८,००० असे ६८,००० रुपयांचे काम होते. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १२,२४० रुपये लावले. मग प्रवास, मदतनीस आणि भाड्याचे दिवे यांचे १२,००० रुपये खाली जोडले, शेवटी ४,००० रुपयांची सवलत वजा केली आणि एकूण ८८,२४० रुपये लिहिले. हा आकडा चुकीचा आहे.

## १. आधी थांबा आणि कोटेशन कोणत्या अवस्थेत आहे ते पाहा

चूक दिसताच ईमेल लिहायला बसू नये. आधी ठरवायचे असते ते हे की तुम्ही ग्राहकाला माहिती देत आहात, की विनंती करत आहात. हे कोटेशनच्या अवस्थेवर अवलंबून असते.

ग्राहकाने अद्याप होकार दिला नसेल, तर तुम्हाला मोकळीक आहे. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ५ नुसार प्रस्ताव मागे घेता येतो, पण तो स्वीकाराची सूचना पूर्ण होण्यापूर्वी. म्हणून जुने कोटेशन रद्द करून सुधारित पाठवत आहे, असे सरळ कळवता येते.

ग्राहकाने ‘मान्य आहे, काम सुरू करा’ असे लिहून पाठवले असेल, तर परिस्थिती बदलते. केवळ एका पक्षाच्या गैरसमजामुळे करार रद्द करण्याजोगा ठरत नाही, असे त्याच कायद्याचे कलम २२ सांगते, आणि हिशेबाची चूक तुमची आहे. त्यामुळे वाढीव रक्कम ही मागणी नसून विनंती ठरते आणि ईमेलची भाषाही तशीच ठेवावी लागते. अशा वेळी ईमेलआधी फोन करावा, असे माझे मत आहे. मान्य झालेली रक्कम वाढल्याची बातमी ग्राहकाला प्रथम लेखी कळणे बरे दिसत नाही.

आगाऊ रक्कम मिळाली असेल, तर ती तारीख आणि रक्कम टिपून ठेवा, कारण सेवांच्या बाबतीत आगाऊ रकमेवरही जीएसटी देय होतो आणि तुम्ही दिलेल्या पावतीत तो दाखवलेला असतो. टॅक्स इनव्हॉइसच निघाले असेल, तर मात्र हा लेख उपयोगाचा नाही. तेथे सुधारित कोटेशन चालत नाही. कर कमी लागला असेल तर डेबिट नोट आणि जास्त लागला असेल तर क्रेडिट नोट काढावी लागते.

इशारा : कोटेशन ऑनलाइन शीटच्या दुव्याने पाठवले असेल, तर त्या शीटमध्ये गुपचूप आकडा बदलू नका. ग्राहकाने जुना आकडा छापून मालकासमोर ठेवलेला असू शकतो, आणि दोन आकड्यांपैकी खरा कोणता हे विचारण्याची वेळ त्याच्यावर आली की चुकीपेक्षा लपवाछपवीच जास्त डोळ्यांत भरते.

## २. संपूर्ण हिशेब पहिल्या ओळीपासून पुन्हा करा

सर्वांत जास्त गफलत या टप्प्यावर होते. चूक सापडली की माणूस तेवढीच ओळ दुरुस्त करतो. पण कराचा हिशेब ज्याने एका ठिकाणी चुकवला, त्याने तो दुसऱ्या ठिकाणीही चुकवलेला असण्याची शक्यता मोठी असते, कारण दोन्ही चुकांचे मूळ एकच असते : ओळींचा क्रम.

योग्य क्रम असा आहे. प्रथम कामाचे शुल्क लिहावे. त्यात कामासाठी ग्राहकाकडून वसूल करायचे आनुषंगिक खर्च मिळवावेत. त्यातून कोटेशनमध्येच कबूल केलेली सवलत वजा करावी. जी रक्कम उरते ते करपात्र मूल्य होय, आणि कर त्यावर लागतो. करानंतर कोणतीही ओळ येता कामा नये, अपवाद फक्त एकूण रकमेचा.

आपल्या उदाहरणात हा क्रम दोनदा मोडला आहे. प्रवास आणि दिव्यांचा खर्च कराच्या खाली गेल्यामुळे १२,००० रुपयांवर कर लागलाच नाही. ‘हा तर माझ्या खिशातून गेलेला खर्च, त्यावर कर कशाला’ असे अनेकांना वाटते, पण सेवा देताना झालेला जो खर्च तुम्ही ग्राहकाकडून घेता तो मूल्याचाच भाग धरला जातो. फक्त ग्राहकाच्या वतीने, त्याच्या संमतीने आणि त्याच्या नावच्या बिलावर तुम्ही पैसे भरले आणि तेवढेच परत घेतले, तर नियमातील इतर अटी पाळून ती रक्कम वगळता येते. छापखान्याचे बिल रेस्टॉरंटच्या नावाने निघाले आणि तुम्ही ते तात्पुरते भागवले, हे त्याचे नेहमीचे उदाहरण. टॅक्सी आणि मदतनीस त्यात बसत नाहीत.

दुसरी चूक उलट दिशेची आहे. सवलत करानंतर वजा केल्यामुळे त्या ४,००० रुपयांवरही कर लागला, जो लागायला नको होता.

शीटमध्ये ही चूक कशी दिसते ते पाहा. दुसऱ्या ते चौथ्या ओळीत काम, पाचव्या ओळीत खर्च आणि सहाव्या ओळीत सवलत आहे असे धरा. कोटेशनमधील कराचे सूत्र असे होते :

```
=SUM(C2:C4)*18%
```

ते असे हवे होते :

```
=(SUM(C2:C5)-C6)*18%
```

आता बरोबर हिशेब करू. ६८,००० अधिक १२,००० उणे ४,००० म्हणजे करपात्र मूल्य ७६,००० रुपये. त्यावर १८ टक्के कर १३,६८० रुपये. एकूण ८९,६८० रुपये. पहिल्या कोटेशनपेक्षा हे १,४४० रुपयांनी जास्त आहे.

डिझायनरला केवळ खर्चाची चूक दिसली असती, तर त्याने १२,००० वरचा कर, म्हणजे २,१६० रुपये वाढवून ९०,४०० रुपये कळवले असते. मग सवलतीची चूक ग्राहकाच्या अकाउंटंटने दाखवली असती आणि दुसरी दुरुस्ती पाठवावी लागली असती. एका दुरुस्तीने सहसा विश्वास डळमळत नाही. दुसऱ्या दुरुस्तीनंतर मात्र ग्राहक तुमच्या प्रत्येक आकड्याकडे संशयाने पाहू लागतो.

पडताळणी : एकूण रकमेला १.१८ ने भागा. ८९,६८० भागिले १.१८ बरोबर ७६,०००, म्हणजे करपात्र मूल्य जसेच्या तसे परत मिळाले. जुन्या ८८,२४० ला भागल्यास ७४,७७९.६६ असा आकडा येतो, जो कोटेशनमधील कोणत्याही ओळींच्या बेरजेशी जुळत नाही. कोटेशन पाठवण्यापूर्वी हे भागाकाराचे एक बटण दाबले असते, तर पुढचे सगळे टळले असते.

इशारा : करासह रकमेतून कर वेगळा काढताना तिचे १८ टक्के काढू नका. ८९,६८० चे १८ टक्के १६,१४२.४० होतात, आणि कर तर १३,६८० आहे. करासह रकमेला १८ ने गुणून ११८ ने भागावे लागते.

## ३. कर लावायचा का आणि कोणत्या नावाने, हे तपासा

आकडा बरोबर आला तरी कराचे नाव चुकू शकते, आणि ती चूक एकूण रकमेत दिसत नाही. पुरवठादार गोव्यात आणि पुरवठ्याचे स्थानही गोव्यात असेल, तर ९ टक्के सीजीएसटी आणि ९ टक्के एसजीएसटी लागतो. स्थान दुसऱ्या राज्यात असेल, तर १८ टक्के आयजीएसटी लागतो. डिझाइनसारख्या सेवेत ग्राहक नोंदणीकृत असल्यास त्याच्या नोंदणीचे ठिकाण धरले जाते. काम प्रत्यक्ष कुठे झाले हे येथे पाहिले जात नाही.

गोव्यात हा घोळ वारंवार होतो, कारण कळंगुटमधील हॉटेल चालवणारी कंपनी मुंबईत नोंदलेली असू शकते आणि बांदा किंवा सावंतवाडीचा ग्राहक आपल्याला शेजारचा वाटला तरी राज्य दुसरे असते. ग्राहकाच्या जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन अंक पाहा : ३० म्हणजे गोवा, २७ म्हणजे महाराष्ट्र. ग्राहकाचे दोन्ही राज्यांत क्रमांक असतील, तर बिल कोणत्या क्रमांकावर हवे ते दुरुस्तीच्या ईमेलपूर्वीच विचारून घ्या. आपल्या मडगावच्या रेस्टॉरंटचा क्रमांक ३० ने सुरू होतो, म्हणून ६,८४० रुपये सीजीएसटी आणि ६,८४० रुपये एसजीएसटी.

याहून मूलभूत चूक म्हणजे नोंदणी नसताना कर लावणे. केवळ सेवा देणाऱ्याला गोव्यात साधारणपणे २० लाख रुपयांच्या वार्षिक उलाढालीनंतर नोंदणी घ्यावी लागते, आणि नोंदणी नसलेल्याला कर गोळा करण्याची परवानगी नाही. तुमचे असे झाले असेल, तर सुधारित कोटेशनमधून कराची ओळ पूर्ण काढावी. तो कर आपल्या शुल्कात मिसळून एकूण रक्कम तीच ठेवण्याचा मोह टाळा. जुने कोटेशन ग्राहकाकडे आहे आणि तुमचे शुल्क त्याने वाचलेले आहे.

## ४. फरक कोण सोसणार, हे लिहिण्यापूर्वी ठरवा

ईमेलमध्ये ‘आपण म्हणाल तसे करू’ असे लिहिले की निर्णयाचे ओझे ग्राहकावर पडते आणि उत्तर लांबते. निर्णय आधी तुम्ही घ्या. तो घेताना दोन गोष्टी पाहाव्यात.

पहिली गोष्ट म्हणजे ग्राहकाला कराचे क्रेडिट मिळते का. इनपुट टॅक्स क्रेडिट घेऊ शकणाऱ्या कंपनीसाठी वाढलेले १,४४० रुपये अखेर तिच्या स्वतःच्या करभरण्यातून वळते होतात, त्यामुळे ती सहसा कुरकुर करत नाही. पण ५ टक्के दराने जीएसटी भरणाऱ्या रेस्टॉरंटला हे क्रेडिट घेता येत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोल्या देणाऱ्या हॉटेलांचेही त्या खोल्यांपुरते तसेच आहे. म्हणजे गोव्यातील फ्रीलान्सरांच्या ग्राहकांपैकी जे खानावळी, रेस्टॉरंट आणि गेस्ट हाउस चालवतात, त्यांच्यासाठी तुमचा कर हा खराच खर्च असतो. त्यांना ‘कर तर तुम्हाला परत मिळेल’ असे लिहिणे हे चुकीवर दुसरी चूक करण्यासारखे आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे जुन्या कोटेशनमध्ये काय छापले होते. ‘कर अतिरिक्त’ लिहिले असेल, तर वाढ मागायला आधार आहे. ‘सर्व करांसह’ लिहिले असेल आणि ग्राहकाने ते मान्य केले असेल, तर माझ्या मते फरक स्वतः सोसावा.

सोसायचे म्हणजे काय करायचे, हे अनेकांना ठाऊक नसते. एकूण ८८,२४० कायम ठेवून जुनाच १२,२४० रुपये कर दाखवता येत नाही, कारण करपात्र मूल्यावर १८ टक्के बसलेच पाहिजेत. कमी करायचे ते आपले शुल्क. जीएसटी नियमांतील नियम ३५ नुसार करासह रकमेतून कर काढला, तर ८८,२४० मध्ये मूल्य ७४,७७९.६६ आणि कर १३,४६०.३४ निघतो. म्हणजे ४,००० रुपयांच्या सवलतीत आणखी १,२२०.३४ रुपयांची भर घालायची. तुमचे नुकसान १,४४० नव्हे, तर १,२२०.३४ रुपये आहे, कारण शुल्क कमी झाल्यावर त्यावरचा करही थोडा कमी होतो.

आपल्या उदाहरणात ‘कर अतिरिक्त’ लिहिलेले होते आणि रेस्टॉरंटचा होकार आलेला नव्हता. म्हणून डिझायनरने पूर्ण रक्कम कळवण्याचे ठरवले.

## ५. सुधारित कोटेशनची फाइल तयार करा

ईमेलपूर्वी फाइल तयार हवी. जुना क्रमांक तोच ठेवून त्यापुढे ‘सुधारित १’ लिहावे. नवा क्रमांक दिल्यास ते वेगळ्या कामाचे कोटेशन वाटते. त्यावर सुधारणेची तारीख आणि मूळ तारीख अशा दोन्ही लिहाव्यात, मुदतीची तारीख पुन्हा ठरवावी, आणि ‘दिनांक ३ नोव्हेंबरचे कोटेशन क्रमांक १४ याद्वारे रद्द’ अशी एक ओळ वरच टाकावी. फाइलचे नाव जुन्यापेक्षा वेगळे असावे, उदाहरणार्थ `Quotation-14-R1.pdf`. दोन्ही फाइलींचे नाव एकच असले, तर अकाउंटंटच्या संगणकात कोणती टिकेल हे सांगता येत नाही.

दर, कामाचे वर्णन, हप्ते यांना हात लावू नका. दुरुस्तीच्या निमित्ताने छायाचित्रांचा दर जरासा वाढवून घेणे किंवा सुधारणांच्या फेऱ्या तीनवरून दोन करणे हे लगेच लक्षात येते, आणि मग कराची खरी चूकही बनावट वाटू लागते.

## ६. ईमेल लिहा

मूळ कोटेशन ज्या ईमेलने गेले, त्यालाच उत्तर म्हणून हा ईमेल लिहावा, म्हणजे जुना आकडा त्याच साखळीत खाली दिसतो. मूळ ईमेल ज्यांना ज्यांना गेला होता, त्या सर्वांना हाही जावा. विशेषतः अकाउंटंट सुटू नये. विषयाची ओळ मात्र बदलावी, कारण ‘Re:’ पुढचा जुना विषय पाहून कोणी ईमेल उघडेलच असे नाही.

मजकुराचा क्रम असा ठेवावा : चूक झाली आणि रक्कम बदलली हे पहिल्या दोन वाक्यांत, मग जुने आणि नवे आकडे समोरासमोर, मग कारण, मग काय बदललेले नाही ते, आणि शेवटी ग्राहकाने काय करायचे आहे ते. खेद एकदाच व्यक्त करावा. तीनदा क्षमा मागणाऱ्या ईमेलमध्ये आकडा शोधावा लागतो.

आपल्या डिझायनरचा ईमेल असा होता :

> विषय : कोटेशन क्र. १४ – कराच्या हिशेबातील दुरुस्ती, सुधारित एकूण रु. ८९,६८०
>
> माननीय महोदय,
>
> सप्रेम नमस्कार.
>
> दिनांक ३ नोव्हेंबर रोजी आपल्याला पाठवलेल्या कोटेशन क्र. १४ मध्ये माझ्याकडून जीएसटीचा हिशेब चुकला आहे. बरोबर एकूण रक्कम रु. ८८,२४० नसून रु. ८९,६८० आहे, म्हणजे रु. १,४४० ने जास्त आहे. या चुकीबद्दल मी दिलगीर आहे.
>
> मूळ कोटेशन : काम ६८,००० + जीएसटी १२,२४० + प्रवास व साहित्यभाडे १२,००० – सवलत ४,००० = रु. ८८,२४०
>
> सुधारित कोटेशन : काम ६८,००० + प्रवास व साहित्यभाडे १२,००० – सवलत ४,००० = करपात्र मूल्य ७६,०००; सीजीएसटी ९ टक्के ६,८४० + एसजीएसटी ९ टक्के ६,८४० = रु. ८९,६८०
>
> प्रवास आणि साहित्यभाड्याच्या रकमेवर कर लावायचा राहून गेला होता, त्यामुळे कर रु. २,१६० ने कमी दाखवला गेला. सवलत कराआधी वजा करायला हवी होती, ती करानंतर वजा झाली, त्यामुळे कर रु. ७२० ने जास्त दाखवला गेला. दोन्ही मिळून फरक रु. १,४४० होतो.
>
> कामाचे दर, सवलतीची रक्कम, कामाचे स्वरूप आणि वेळापत्रक यांत काहीही बदल नाही.
>
> सुधारित कोटेशन सोबत जोडले आहे. जुने कोटेशन कृपया रद्द समजावे. सुधारित रक्कम आपल्याला मान्य असल्यास १२ नोव्हेंबरपर्यंत याच ईमेलला उत्तर देऊन तसे कळवावे, ही विनंती. काही शंका असल्यास मला फोन करावा. आपल्या अकाउंटंटशी बोलायलाही मी तयार आहे.
>
> कळावे,
> आपला नम्र
> (नाव, जीएसटी क्रमांक, फोन)

येथे दोन गोष्टींकडे लक्ष द्या. ‘रक्कम बदलली आहे’ एवढेच न लिहिता ती किती आणि कोणत्या दिशेने बदलली ते लिहिले आहे. तसेच चुकीचे खापर सॉफ्टवेअरवर किंवा ‘सिस्टिम’वर फोडलेले नाही. शीटमधील सूत्र लिहिणारा माणूस तुम्हीच होता, हे ग्राहकाला कळते.

कोटेशन आधीच मान्य झालेले असेल, तर ‘जुने कोटेशन कृपया रद्द समजावे’ हे वाक्य काढून त्याजागी असे लिहावे : ‘मूळ रक्कम आपण मान्य केलेली आहे, याची मला जाणीव आहे. तरीही सुधारित रकमेस आपली संमती मिळावी, ही विनंती. आपला निर्णय कळेपर्यंत मूळ कोटेशनच लागू राहील.’ आणि एकूण कमी झाली असेल, तर हा सगळा विचार करण्याची गरज नाही. फरक ग्राहकाच्या बाजूचा आहे, तो त्याला सरळ कळवावा.

## ७. पाठवण्यापूर्वी

विषयाच्या ओळीतील, मजकुरातील आणि जोडलेल्या पीडीएफमधील एकूण रक्कम एकच आहे का, हे तीनही ठिकाणी बोट ठेवून पाहा. जोडलेली फाइल उघडून पाहा, कारण घाईत जुनीच फाइल जोडली जाते आणि ईमेल नव्या आकड्याविषयी बोलत राहतो. त्यानंतर हिशेब न पाहिलेल्या एखाद्या माणसाला फक्त ईमेल वाचायला द्या आणि विचारा : किती रुपये वाढले आणि का? त्याला उत्तर शोधावे लागले, तर कारणाचा परिच्छेद पुन्हा लिहा.

वेळेचेही भान ठेवा. रेस्टॉरंटवाल्याला दुपारच्या जेवणाच्या गर्दीत किंवा संध्याकाळी ईमेल मिळाला, तर तो वाचला जातो पण त्यावर निर्णय होत नाही. सकाळी दहा-अकराची वेळ मला बरी वाटते.

## ८. पाठवल्यानंतर

मौन म्हणजे संमती असे धरू नका. फोनवर ‘हां, चलता’ असे उत्तर आले तरी दोन ओळींत ते लिहून पाठवा : ‘आज फोनवर झालेल्या बोलण्यानुसार रु. ८९,६८० ही सुधारित रक्कम आपण मान्य केली आहे.’ दिलेल्या मुदतीपर्यंत उत्तर आले नाही, तर एकदा आठवण करा. उत्तर येईपर्यंत दिवे भाड्याने घेणे किंवा मदतनीस ठरवणे यांसारखा खर्च सुरू करू नका.

आगाऊ रक्कम आलेली असेल, तर तिच्यावरचा कर अंतिम बिलात नीट वळता करावा लागतो. समजा ३०,००० रुपये आगाऊ आले. ती करासह रक्कम धरली, तर त्यात कर ४,५७६.२७ रुपये आहे. अंतिम बिल ७६,००० च्या करपात्र मूल्याचेच निघेल, आणि ग्राहकाने द्यायची बाकी ५९,६८० रुपये राहील.

ग्राहक उगमस्थानी करकपात करणारा असेल, तर बिलात जीएसटी वेगळा दाखवलेला असताना कपात ७६,००० वर व्हायला हवी, ८९,६८० वर नव्हे. ही कपात कोटेशनच्या एकूण रकमेतून आधीच वजा करून लिहायची नसते. तसे केल्यास तुमचे कोटेशन आणि ग्राहकाच्या वहीतील रक्कम पुन्हा वेगवेगळी दिसू लागते.

अंतिम टॅक्स इनव्हॉइस काढताना ‘सुधारित १’ समोर ठेवूनच एकेक ओळ उतरवा आणि बिलावर सुधारित कोटेशनचा क्रमांक व तारीख लिहा. जुनी शीट नकलून बिल बनवण्याची सवय असेल, तर चुकीचे सूत्र त्यातूनच परत येते, म्हणून ते मूळ नमुन्यात आजच बदला.